सवलतीचा रकाना

सवलत मागायला येणारा माणूस सहसा रक्कम सांगत नाही, ओळख सांगतो. "आम्ही संस्था आहोत, ताई" किंवा "आम्ही अजून स्टुडंट्सच आहोत, मॅडम". वाक्य तिथेच थांबतं आणि पुढचं आपण समजून घ्यायचं असतं. पनवेलमध्ये लाइन आळीजवळच्या दोन खोल्यांतून मी डिझाइन आणि वेबसाइटचं काम करते. माझ्यासोबत दोघं जण आहेत. ही दोन्ही वाक्यं इथे वारंवार ऐकू येतात. ताऱ्याचं युसूफ मेहेरअली सेंटर आणि नेऱ्याचं शांतिवन यांच्यामुळे तालुक्यात संस्थात्मक कामाची जुनी परंपरा आहे, आणि त्यांच्या आगेमागे कितीतरी लहान संस्था वाड्यापाड्यांवर काम करतात. नवीन पनवेल आणि खांदा कॉलनीच्या कॉलेजांतून दर वर्षी चार-पाच पोरं एकत्र येऊन काहीतरी उभं करू बघतात. दोघांनाही मदत करावी असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच ती मदत कशी करायची याचा मी हिशेबाने विचार करत आले आहे.

सगळ्यात आधी स्वतःचा एक आकडा माहीत असावा लागतो. आमचा महिन्याचा खर्च, म्हणजे माझ्यासह तिघांचे पगार, भाडं, वीज, सॉफ्टवेअरची वर्गणी असं सगळं धरून, साधारण १,१०,००० रुपये होतो. तिघांचे मिळून बिलात लावता येतील असे तास २०० च्या आसपास भरतात. बाकीचे तास फोन, बैठका, वसुली आणि शिकण्यात जातात. म्हणजे बिलात लागणाऱ्या एका तासाला ५५० रुपये खर्च येतो. आमचा दर तासाला १,००० रुपये आहे. या दोन आकड्यांमध्ये ४५ टक्क्यांची जागा आहे. तिच्या आतली सवलत म्हणजे मी सोडलेला नफा. तिच्या पलीकडची सवलत म्हणजे माझ्याकडच्या मुलांच्या पगारातून दिलेली देणगी, आणि ती द्यायचा अधिकार मला नाही. "रिकाम्या वेळात करून देऊ" असं म्हणणारे मित्र या व्यवसायात भरपूर आहेत. पण रिकाम्या वेळाचं भाडंही घरमालक घेतोच.

दुसरा प्रश्न असतो तो सवलत शेवटी कोणाच्या खिशात पडते याचा. संस्थेच्या बाबतीत हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या संस्थेला दर वर्षी धर्मादाय कार्यालयाकडे हिशेब द्यावे लागतात. त्यात अनुसूची आठ म्हणजे ताळेबंद आणि अनुसूची नऊ म्हणजे जमाखर्च. मी संस्थेकडे मागच्या वर्षीची अनुसूची नऊ मागते. कोणाला राग येत नाही, कारण तो कागद त्यांच्याकडे तयारच असतो. उत्पन्नाच्या बाजूला लहान देणग्या आहेत, की एखाद्या कंपनीचं अनुदान आहे, की फी आहे, हे त्यात दिसतं. खर्चाच्या बाजूला उद्दिष्टांवरचा खर्च वेगळा आणि आस्थापनेचा वेगळा दिसतो. भरपूर फी घेणारी शाळा आणि डोंगरातली बालवाडी या दोन्ही कागदोपत्री विश्वस्त संस्था असू शकतात. म्हणून नोंदणी क्रमांक पाहून मी सवलत ठरवत नाही.

कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीवर, म्हणजे सीएसआरवर चालणाऱ्या एका प्रकल्पाच्या व्यवस्थापकबाईंनी मला ही गोष्ट नीट समजावली होती. त्यांच्या मंजूर अंदाजपत्रकात माहितीपट आणि वेबसाइट यांसाठी वेगळी ओळ होती आणि तिच्यात पुरेसे पैसे होते. त्या म्हणाल्या, "तुम्ही कमी घेतलंत तर उरलेले पैसे मुलींच्या वसतिगृहाला नाही जाणार. एका ओळीतले दुसरीकडे वळवायला परवानगी लागते, नाहीतर परत जातात. शिवाय पुढच्या वर्षी तेवढ्यातच करा म्हणतील." त्या कामाला मी पूर्ण दर लावला. सवलत दिली असती तर ती मुलींपर्यंत पोचलीच नसती, एका मोठ्या कंपनीच्या तिजोरीत जमा झाली असती, आणि संस्थेच्या पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात खोटा स्वस्त आकडा बसला असता. हा दुसरा तोटा पहिल्यापेक्षा मोठा आहे, कारण तो वर्षानुवर्षं टिकतो.

उलट, लहान देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेत वाचलेला रुपया खरोखर कामाला लागतो. असंच एक काम मी इथे सविस्तर सांगते.

आदिवासी वाड्यांवरच्या मुलांसाठी अभ्यासवर्ग चालवणारी एक संस्था होती. कोषाध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, सगळे त्यांना काका म्हणत. त्यांना मराठी-इंग्रजी वेबसाइट हवी होती, देणगीची माहिती आणि वार्षिक अहवाल ठेवायची सोय असलेली. आम्ही ६० तासांचा अंदाज काढला. काका म्हणाले, "ताई, आमच्याकडे पन्नास हजार आहेत. सगळं त्यात." या 'सगळं'मध्ये काय काय येतं, ते त्याच बैठकीत विचारून घ्यावं लागतं. संस्थेला जीएसटीचं क्रेडिट मिळत नसेल तर १८ टक्के हा तिच्यासाठी खराखुरा खर्च असतो. १०० रुपयांच्या कामाचे तिच्या खिशातून ११८ जातात. आपण १५ टक्के सवलत दिली म्हणून खूश होतो, तेव्हा संस्थेच्या लेखी आपण जेमतेम कर भरून काढलेला असतो.

"मग जीएसटीच माफ करा ना," असं काका म्हणाले, आणि हे जवळजवळ प्रत्येक संस्था म्हणते. ते माझ्या हातात नाही. नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला कर लावावाच लागतो आणि घेणारी संस्था धर्मादाय आहे एवढ्याने तो सुटत नाही. पण कर कोणत्या रकमेवर लागतो हे मात्र बिल कसं लिहिलं आहे यावर ठरतं. जीएसटी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, काम देण्याआधी किंवा देताना दिलेली आणि बिलात नोंदवलेली सवलत करपात्र मूल्यात धरली जात नाही. म्हणून सवलत बिलाच्या आत, कराच्या वर दिसली पाहिजे. आमचं बिल असं होतं. वेबसाइट, ६० तास, तासाला १,००० रुपये, एकूण ६०,०००. सामाजिक संस्था सवलत ४० टक्के, वजा २४,०००. करपात्र रक्कम ३६,०००. जीएसटी ६,४८०. देय ४२,४८०. डोमेन आणि होस्टिंगचे साधारण ६,००० रुपये संस्थेने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या खात्यातून थेट भरले. मिळून ४८,४८० झाले आणि काकांचे पन्नास हजार पुरले. आमचा खर्च ६० तासांना ३३,००० होता, म्हणजे मुलांच्या पगाराला धक्का लागला नाही.

काकांनी एक दुसरा मार्गही सुचवला होता, आणि तो इतक्या लोकांना सुचतो की त्याचा हिशेब इथे मांडते. त्यांचं म्हणणं असं, की तुम्ही पूर्ण ६०,००० चं बिल करा, आम्ही ते देतो, मग २४,००० तुम्ही देणगी म्हणून परत द्या, ८०जीची पावती घ्या, तुमचाही फायदा. कागदावर घेऊन बसलो. पूर्ण बिलावर कर १०,८००, म्हणजे संस्था ७०,८०० देणार. माझे २४,००० परत गेले की तिचे ४६,८०० खर्च झालेले. बिलातच सवलत दिली तर ४२,४८०. फरक ४,३२० रुपयांचा, म्हणजे बरोबर त्या २४,००० वरचा जीएसटी. माझ्या बाजूला उत्पन्न ३६,००० च्या ऐवजी ६०,००० दिसणार. अशा बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीच्या निम्म्याच रकमेची वजावट मिळते, म्हणजे १२,००० ची, आणि नवी करपद्धती निवडली असेल तर तीही नाही. म्हणजे दोघांचंही नुकसान. शिवाय कामाच्या बदल्यात आधीच ठरवून दिलेली रक्कम ही देणगी नसते, आणि तिच्यावर पावती फाडणं काकांच्याच संस्थेला अडचणीत आणणारं होतं. दिलेल्या सेवेची किंमत लावून तिच्यावर ८०जी मागता येत नाही, हेही त्यांना सांगितलं. ते बँकेतले. आकडे पाहिल्यावर त्यांनी विषय तिथेच सोडला.

पूर्ण दर बिलावर लिहायचा आणि मग वजा करायचा, हे मी करासाठीच करते असं नाही. नुसतं '३६,०००' लिहिलं तर संस्थेच्या विश्वस्तांना, हिशेबनिसाला आणि उद्या अनुदान देणाऱ्याला वेबसाइट ३६,००० ला होते असं वाटेल. माझ्या जागी दुसरा कोणी आला तर त्याला ते तोच आकडा सांगतील. खरी किंमत नोंदलेली राहिली पाहिजे, कारण ती संस्थेच्याच उपयोगाची आहे.

ही पद्धत मला सुचली ती धर्मादाय रुग्णालयांच्या योजनेवरून. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेल्या या योजनेप्रमाणे राज्यातल्या अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी सवलतीच्या दराने ठेवाव्या लागतात. त्यासाठी रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधी म्हणून वेगळ्या खात्यात टाकायची. निर्धन रुग्णाचंही बिल बनतं आणि ते या निधीतून वळतं होतं. औषधं आणि इम्प्लांटसारख्या वस्तू रुग्णालयाला पडलेल्या खरेदीच्या किमतीने धरायच्या. योजना प्रत्यक्षात कशी राबवली जाते यावर राज्यात खूप वाद झालेले आहेत आणि ते रास्तच आहेत. पण तिची रचना मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. मदतीची मर्यादा आधी ठरलेली आहे. ती कोणाला मिळेल याची कसोटी लिहिलेली आहे. बिल खरं बनतं. आणि बाहेरून विकत आणलेल्या वस्तूवर कोणी नफा कमावत नाही, तसा कोणी ती फुकटही वाटत नाही.

मी हेच लहान प्रमाणात घेतलं. महिन्याला साधारण २ लाखांची बिलं होतात, त्याचे २ टक्के म्हणजे ४,०००. एका वहीत वर्षाचे ४८,००० रुपये सवलतीसाठी लिहून ठेवलेले असतात. काकांच्या संस्थेने त्यातले २४,००० घेतले, म्हणजे निम्मे. अशी दोन कामं झाली की त्या वर्षाचा निधी संपला. मग येणाऱ्या संस्थेला मी सांगते, की यंदाची सवलत दिली गेली आहे, एप्रिलमध्ये नवीन सुरू होईल, तोपर्यंत पूर्ण दराने करायचं का थांबायचं ते तुम्ही बघा. असं स्पष्ट सांगितल्यावर आजवर कोणी वाईट वाटून घेतलेलं नाही. लोकांना दुखावतं ते कोणाला दिली आणि कोणाला नाही हे न कळणं. पनवेल अजून इतकं मोठं झालेलं नाही की दोन संस्थांचे विश्वस्त एकमेकांना ओळखत नसतील. एकाला ४० आणि दुसऱ्याला २५ असं झालं तर ते आठवड्यात कळतं. म्हणून संस्थेसाठी टक्का एकच ठेवला आहे. काम मिळालं नाही तरी चालेल, पण टक्का बैठकीत बदलायचा नाही.

सवलतीच्या कामाचा एक धोका पैशाबाहेरचा आहे. कमी पैसे देणाऱ्याचं काम मागे पडतं. पूर्ण दराचं काम आलं की मुलं आपोआप त्याच्याकडे वळतात, आणि दुसरीकडे संस्थाही भिडेने विचारत नाही. दोन महिन्यांचं काम सहा महिने लोंबतं आणि शेवटी दोघांच्याही मनात नाराजी राहते. याची खूण लवकर दिसते. संस्थेचा निरोप "वेळ मिळाला की बघा" या शब्दांनी सुरू व्हायला लागला की समजावं, आपण त्यांना उपकाराच्या खाली दाबलं आहे. म्हणून आमच्या पत्रात दोन वाक्यं ठरलेली असतात: "सवलत फक्त दरात आहे. कामाची व्याप्ती, दोन वेळच्या दुरुस्त्या आणि तारीख पूर्ण दराच्या कामाप्रमाणेच दोन्ही बाजूंना बांधील राहतील." तिसऱ्या दुरुस्तीपासून तासाचा दर लागतो, तोही सवलतीचाच. हे लिहिलेलं असलं की काका तारखेची आठवण हक्काने करून देतात, आणि मलाही "हे यात नव्हतं" म्हणताना अवघडल्यासारखं होत नाही.

विद्यार्थ्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. ते कोणाची सेवा करत नसतात, स्वतःचा धंदा उभा करत असतात, आणि त्यात काही कमीपणा नाही. पण त्यांना दिलेली सवलत त्या निधीतून द्यायची नाही असं मी ठरवलं. ती माझ्या धंद्याची जोखीम आहे आणि ती त्याच नावाने वहीत लिहिली पाहिजे.

सोसायट्यांच्या टाक्यांत पाणी किती उरलं आहे ते मोबाइलवर दाखवणारं यंत्र बनवणारी चार मुलं आली होती. इथे उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या सोसायट्या कमी नाहीत, त्यामुळे गोष्ट कामाची होती. त्यांना बोधचिन्ह, वेबसाइट, पूर्ण ॲपची रचना आणि सादरीकरण असं सगळं हवं होतं. आमच्या हिशेबाने ८० तास. बदल्यात कंपनीत दोन टक्के हिस्सा देऊ म्हणाली. मी विचारलं, कंपनी नोंदली आहे का? नव्हती. जी कंपनी नाही तिचे शेअर कोणी कोणाला देऊ शकत नाही. शिवाय चौघांतले दोघे शेवटच्या वर्षाला होते आणि कॅम्पस मुलाखती तोंडावर आल्या होत्या. अशा वेळी संघ फुटण्याची शक्यता मोठी असते, आणि फुटला तर डोमेन कोणाच्या नावावर, मूळ फाइली कोणाकडे, उरलेले पैसे कोण देणार, हे सगळे प्रश्न माझ्या दारात येतात.

मी त्यांना विचारलं की पुढच्या तीन महिन्यांत तुम्हाला नक्की कोणाला काय दाखवायचं आहे. बरंच बोलल्यावर निघालं ते इतकंच, की दोन सोसायट्यांच्या कमिट्यांना यंत्र बसवायला तयार करायचं. त्याला ८० तास लागत नाहीत. ॲपचे तीन पडदे आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना हातात देता येईल असं एक पान, म्हणजे २० तासांचं काम. २०,००० रुपये, विद्यार्थी उपक्रम सवलत ३० टक्के वजा ६,०००, राहिले १४,०००, वर जीएसटी २,५२०, एकूण १६,५२०. निम्मे, म्हणजे ८,२६० आगाऊ. चौघांत वाटले की माणशी दोन हजारांच्या थोडं वर, जे त्यांना जमण्यासारखं होतं. आमचा खर्च ११,०००. नव्या धंद्याचे दरातल्या सवलतीने जितके पैसे वाचतात त्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे काम लहान केल्याने वाचतात, आणि अशा ठिकाणी माझ्या अनुभवाचा खरा उपयोग तोच आहे. त्यांच्या ८० तासांच्या मागणीवर मी ५० टक्के सवलत दिली असती, तरी त्यांना ४०,००० आणि वर कर भरावा लागला असता, आणि त्यातलं बरंचसं कोणी पाहिलंही नसतं.

बिल त्यांनी सुचवलेल्या नावाने केलं नाही, कारण ते नाव कायद्याने कोणीच नव्हतं. ते त्यांच्यातल्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीच्या नावाने केलं. पूर्ण पैसे मिळाल्यावर मूळ फाइली आणि हक्क तिच्याकडे जातील, आणि कंपनी झाली तर ती ते कंपनीला लिहून देईल, असं पत्रात आलं. सवलतीची मुदतही आली: "ही सवलत ३१ मार्चपर्यंत दिलेल्या कामांना लागू. १ एप्रिलपासून तेव्हाचा पूर्ण दर." आधी मी मुदत घटनेला बांधायचा विचार करत होते, की गुंतवणूक मिळेपर्यंत किंवा पहिला नफा होईपर्यंत. पण स्पर्धेचं बक्षीस म्हणजे गुंतवणूक का, कोणाच्या तरी काकांनी दिलेले पैसे म्हणजे काय, यावर न संपणारी चर्चा होते. तारखेवर वाद होत नाही. ही मुलं रोज पनवेलहून लोकलने येणं-जाणं करतात. रेल्वेच्या पासचा कन्सेशन फॉर्म त्यांना पाठ असतो. कॉलेजचा शिक्का, कुठून कुठपर्यंत, किती महिन्यांसाठी, आणि खिडकीवर घासाघीस नाही. तो दाखला दिल्यावर मुदतीची गोष्ट त्यांना लगेच पटली.

शेवटच्या वर्षातल्या दोघांना नोकऱ्या लागल्या आणि ते गेले. उरलेल्या दोघींनी एका सोसायटीत यंत्र बसवलं. एप्रिलनंतर त्या तक्ते छापायला आल्या तेव्हा पूर्ण दराचा कागद त्यांनी काही न बोलता घेतला आणि एवढंच विचारलं, की पाच तासांत काय काय बसेल.

काकांच्या संस्थेचं दुसऱ्या वर्षी वेगळंच झालं. वेबसाइटच्या देखभालीसाठी त्यांनी एका अनुदानाच्या अर्जात रक्कम लिहिताना आमचं जुनं बिल पुढे ठेवलं आणि वरचा, सवलतीआधीचा दर धरला. तो मंजूर झाला. त्यामुळे त्या वर्षी त्यांना सवलत लागली नाही आणि वहीतली रक्कम एका वाचनालयाला गेली.

सध्या माझ्यासमोर एक बचत गट आहे. पापड आणि कुळथाचं पीठ करणाऱ्या बायका, पाकिटाचं लेबल हवं आहे. त्या धर्मादाय संस्था नाहीत आणि विद्यार्थीही नाहीत. माझ्या दोन्ही नियमांत त्या बसत नाहीत. नियम ताणून त्यांना ४० टक्क्यांत बसवलं तर उद्या प्रत्येक घरगुती व्यवसायाला 'नाही' म्हणताना माझ्याकडे कारण उरणार नाही. लेबलाला लागतील सहा तास, म्हणजे ६,००० आणि कर. त्यांनी सांगितलं की छापखाना एका वेळी हजाराच्या खाली लेबलं करत नाही, आणि त्या महिन्याला दोनशे पाकिटं विकतात. हजारातली निम्मी लेबलं तारीख, वजन किंवा किंमत बदलली की वाया जातात. म्हणून बदलणारा मजकूर लेबलावर न छापता शिक्क्याने मारायची जागा सोडायची, आणि एकाच लेबलात दोन्ही पदार्थ बसवायचे, असं सुचवलं आहे. असं केलं तर सहाचे चार तास होतात आणि छपाई एकदाच करावी लागते. दर पूर्ण, पैसे दोन हप्त्यांत. अध्यक्षबाई गटाच्या बैठकीत विचारून सोमवारी कळवणार आहेत.